फुईचं पत्र : खोलीतला हत्ती

अमळनेर,
२० मे

चि. मयुरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर घाईत विचारलंस, "फुई, एलिफंट इन द रूम म्हणजे काय गं?" कुकरची शिट्टी झाली आणि फोन ठेवला. तुझ्या साहेबांनी मीटिंगमध्ये "लेट्स अ‍ॅड्रेस द एलिफंट इन द रूम" म्हटल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि तू एकटी हसलीस, हे ऐकून मलाही हसू आलं. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण असले वाक्प्रचार फोनवर सांगता येत नाहीत. म्हणून लिहिते.

दिवाणखान्यात हत्ती उभा आहे असं समज. सोंड पंख्याला लागतेय, चहाचा ट्रे त्याच्या पोटाखालून न्यावा लागतोय. तरी जमलेले लोक कापसाचा भाव आणि उन्हाचा पारा यावरच बोलतायत. हत्ती प्रत्येकाला दिसतोय, आणि तो इतरांनाही दिसतोय हे प्रत्येकाला ठाऊक आहे. असा मोठा, अडचणीचा आणि सगळ्यांनी मिळून न बोललेला विषय म्हणजे तो हत्ती. 'अ‍ॅड्रेस' म्हणजे इथे पत्ता नव्हे हं, त्या विषयाला तोंड फोडणं.

मुलं नेहमी गोंधळ करायची. नुसती मोठी अडचण म्हणजे हा हत्ती नाही. यंदा पाऊस कमी झाला, तर सगळं गाव त्यावर बोलतं, मग तो हत्ती कसला? गुपितही नाही, कारण गुपित कुणाला तरी माहीत नसतं. आणि पांढरा हत्ती वेगळाच, तो पोसायला महाग पडतो. आपल्याकडे जवळचं म्हणजे 'अळीमिळी गुपचिळी', पण त्यात नुसतं गप्प बसणं आलं, हत्ती आला नाही. हल्ली पेपरात सरळ 'खोलीतला हत्ती' छापतात. मला ते कानाला बरं वाटत नाही. रूम त्यांची, हत्ती आपला, आणि भाषा कुणाचीच नाही.

क्रिलोव्ह नावाच्या रशियन लेखकाची १८१४ची एक कथा आहे. एक माणूस संग्रहालय पाहून येतो आणि मित्राला माश्या, भुंगे, टाचणीच्या टोकाएवढे किडे, सगळ्यांचं वर्णन करतो. मित्र विचारतो, "आणि हत्ती?" हा म्हणतो, "तो काही माझ्या नजरेस पडला नाही." म्हणजे त्याला खरंच दिसला नव्हता. पुढे १९५९ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये शाळांच्या खर्चाच्या प्रश्नाला दिवाणखान्यातल्या हत्तीची उपमा दिली होती, पण ती अशी की इतका मोठा की दुर्लक्ष करताच येत नाही. आज अर्थ बरोबर उलटा झालाय. दुर्लक्ष करता येतं, आणि आपण ते फार छान करतो.

उदाहरण हवं असेल तर आपल्याच घरातलं देते. आखाजीला तू आली होतीस. खापरावरची पुरणपोळी, आमरस, अंगणातला झोका. सकाळी नऊला तुझे अप्पा डबा घेऊन निघाले. सणाच्या दिवशी! आजी म्हणाली, "भाऊ, जेवी ले ना आधी." ते म्हणाले, "जिनिंगमध्ये काट्यावर काम आहे." वहिनीने निमूटपणे डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या. तू मोबाइल बघत होतीस, मी आंबे पिळत होते.

ती जिनिंग संक्रांतीनंतरच बंद पडली, मयुरी. भाऊ रोज स्टेशनच्या बाकावर बसतो. डबा तिथेच खातो आणि सहाला घरी येतो. मला दूधवाल्याने सांगितलं, वहिनीला मी सांगायच्या आधीच ठाऊक होतं, आणि आजीने परवा विचारलं, "त्याले उनमा का बसाडता?" म्हणजे तिलाही माहीत. मला वाटतं तुलाही थोडं कळलं असावं. पगाराच्या तारखेला तू आता अप्पांना काही विचारत नाहीस. पूर्वी विचारायचीस.

मी मास्तरीण, वर्गात कुणी खोटं बोललं तर पहिल्या मिनिटात पकडायचे. सख्ख्या भावापुढे चार महिने गप्प आहे. त्याचा मान जाईल म्हणून गप्प, असं स्वतःला सांगते. खरं तर तो रडला तर काय करायचं, हे मला कळत नाही.

रविवारी मी सकाळी साडेआठलाच त्यांच्याकडे जाणार आहे. वहिनीला सांगितलंय, डबा भरू नको. कळण्याची भाकरी आणि भरीत मीच नेईन, त्याच्याबरोबर ओट्यावर बसून खाईन आणि विचारीन. तू अकराच्या सुमारास फोन कर. मला नाही, अप्पांना. ऑफिसचं काही सांगू नकोस, "अप्पा, कसं चाललंय?" एवढंच विचार आणि मग तू बोलू नकोस. त्यांना बोलायला वेळ लागेल.

उन्हाचं पाणी पीत जा. तुझं लोणचं बरणीत भरून ठेवलंय.

तुझी,
फुई