कामावर रुजू होण्यास तंदुरुस्त असल्याबाबत वैद्यकीय पत्र

डॉ. अनुजा देशपांडे
एम. एस., अस्थिरोग व अस्थिशल्यचिकित्सा
वाई, जि. सातारा
दिनांक : 2 जानेवारी 2026

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ,
वाई आगार

विषय : श्री. रमेश विठ्ठल जाधव, वाहक, वय 41, यांना कामावर रुजू करून घेण्याबाबत
संदर्भ : आपले दिनांक 26 डिसेंबर 2025 चे पत्र

महोदय,

श्री. जाधव 14 जुलै 2025 पासून माझ्या उपचाराखाली आहेत. त्या रात्री ड्यूटी संपवून घरी जाताना पावसात त्यांची मोटारसायकल घसरली आणि उजव्या पायाची नडगी व तिच्या शेजारचे बारीक हाड अशी दोन्ही हाडे मध्यावर मोडली. जखम उघडी नव्हती. 15 जुलैला शस्त्रक्रिया करून नडगीच्या पोकळीत सळई घातली व ती वर-खाली स्क्रूने पक्की केली. 19 जुलैला त्यांना घरी सोडले.

आज त्यांची पुन्हा तपासणी केली व नवा एक्स-रे काढला. हाड जुळून आले आहे. मोडलेल्या जागी दाबून पाहिले, पायावर पूर्ण भार देऊन पाहिला, कुठेही दुखत नाही. गुडघा पूर्ण वाकतो. घोट्याची हालचाल डाव्या पायाइतकी आहे. उजवी पोटरी अजून सव्वा सेंटिमीटरने बारीक आहे, ती चालण्या-फिरण्याने भरून येईल.

दिनांक 5 जानेवारी 2026, सोमवारपासून ते वाहक म्हणून कामावर रुजू होण्यास वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त आहेत, असे मी प्रमाणित करते. 14 जुलै 2025 ते 4 जानेवारी 2026 या काळात त्यांना उपचार व विश्रांतीची गरज होती. बैठे काम असते तर नोव्हेंबरअखेरच परवानगी दिली असती. वाहकाला चालत्या गाडीत उभे राहावे लागते, म्हणून विश्रांती मीच वाढवली.

चालत्या गाडीत ते तोल सांभाळू शकतील का, असे आपण पत्रात विचारले आहे. एक्स-रेवरून हे कळत नाही, म्हणून आज त्यांना करूनच दाखवायला सांगितले. खांद्याला सुमारे तीन किलोची पिशवी अडकवून ते आमच्या दवाखान्याचा जिना कठड्याला हात न लावता तीनदा चढले-उतरले. मग दीड फूट उंच स्टुलावर उजवा पाय आधी टाकून चढायला लावले, कारण एसटीची पहिली पायरी नेहमीच्या जिन्यापेक्षा बरीच उंच असते. तेही जमले. फक्त उजव्या पायावर तीस सेकंद उभे राहिले. शेवटी शेवटी थोडे डगमगले, पण पाय टेकला नाही.

या डगमगण्यामुळेच पहिले चार आठवडे, म्हणजे 1 फेब्रुवारीपर्यंत, त्यांना पसरणी घाटातून जाणाऱ्या पाचगणी-महाबळेश्वरच्या फेऱ्या देऊ नयेत अशी विनंती आहे. वळणावर उभ्याने तिकिटे फाडताना शरीराचा सगळा झोक एका पायावर येतो. याच काळात मुक्कामी गाडी, जादा ड्यूटी व सामानासाठी टपावर चढणेही टाळावे. जवळपासच्या सपाट रस्त्यांच्या फेऱ्या ते आजही व्यवस्थित करू शकतील. 2 फेब्रुवारीला मी त्यांना पुन्हा तपासणार आहे. तेव्हा काही वेगळे आढळले तर लेखी कळवीन. माझ्याकडून पत्र न आल्यास त्या दिवसापासून कोणतेही बंधन नाही असे समजावे.

आपला दुसरा प्रश्न सळईचा. ती आत असताना माणूस तंदुरुस्त कसा, ही शंका रुग्णांचे नातेवाईकही नेहमी विचारतात. हाड जुळेपर्यंत सळईने आधार दिला, आता भार हाडच पेलते आहे. त्रास नसेल तर सळई कायम आत राहिली तरी चालते. पुढे गुडघ्यापाशी टोचू लागली तर काढता येईल, पण शस्त्रक्रियेला दीड वर्ष होण्याआधी मी ती काढणार नाही. तशी वेळ आली तर रजेसाठी आपल्याला आधी कळवले जाईल. त्यासाठी आज त्यांना रुजू करून घेणे थांबवू नये.

पहिले काही आठवडे ड्यूटीअखेर त्यांचा घोटा थोडा सुजेल. रात्री पाय उशीवर ठेवला की सकाळी सूज उतरते. तेवढ्यावरून त्यांना घरी पाठवू नये. मात्र पोटरी घट्ट होऊन दुखू लागली किंवा मोडलेल्या जागी नव्याने कळ आली, तर त्याच दिवशी माझ्याकडे पाठवावे.

महामंडळाच्या नियमांनुसार आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी करून घ्यायची असल्यास माझी हरकत नाही. जुलैपासूनचे सर्व एक्स-रे व शस्त्रक्रियेची नोंद श्री. जाधव यांच्याकडे दिली आहे. हे पत्र त्यांच्या लेखी संमतीने देत आहे.

आपली विश्वासू,

(स्वाक्षरी व नोंदणी क्रमांकासह शिक्का)
डॉ. अनुजा देशपांडे

सोबत : आजच्या एक्स-रेचा अहवाल
प्रत : श्री. रमेश विठ्ठल जाधव