शब्दांच्या जाती ओळखा : सराव चौथा, उत्तरांसह
(इंदूर, रविवारचा इंग्रजी वर्ग, इयत्ता आठवी व नववी)

पुढील बारा शब्दांची नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण अशा चार रकान्यांत वर्गवारी करा. जो शब्द एकाहून अधिक रकान्यांत बसेल, तो त्या प्रत्येक रकान्यात लिहून त्याचे एकेक वाक्य द्या.

ऑनेस्टी, बॅक, डिसाइड, फ्रेंडली, फास्ट, हार्डली, स्टोन, टॉल, रेकॉर्ड, वॉटर, हार्ड, ऑफन.

उत्तरे. ऑनेस्टी हे नाम, डिसाइड हे क्रियापद, टॉल हे विशेषण आणि ऑफन हे क्रियाविशेषण, याविषयी वाद नाही. फ्रेंडलीच्या शेवटी 'ली' दिसताच तो क्रियाविशेषणात टाकण्याची घाई बहुतेकजण करतात. परंतु 'अ फ्रेंडली शॉपकीपर' यात तो दुकानदाराविषयी सांगतो, म्हणून तो विशेषण आहे. हार्डली मात्र क्रियाविशेषणच आहे, आणि त्याचा अर्थ 'जेमतेम' असल्यामुळे 'ही वर्क्स हार्ड' व 'ही हार्डली वर्क्स' ही वाक्ये जवळजवळ परस्परविरोधी ठरतात. पहिल्या वाक्यातील हार्ड क्रियाविशेषण असून 'अ हार्ड क्वेश्चन' मध्ये तोच विशेषण होतो.

फास्ट चारही रकान्यांत जातो. 'अ फास्ट बस' येथे विशेषण, 'द बस गोज फास्ट टू उज्जैन' येथे क्रियाविशेषण, 'आजी फास्ट्स ऑन एकादशी' येथे क्रियापद आणि 'हर फास्ट एंड्स टुमॉरो' येथे नाम. बॅकचेही तसेच आहे: 'माय बॅक हर्ट्स' (नाम), 'दे बॅक्ड अवर प्लॅन' (क्रियापद), 'द बॅक डोअर' (विशेषण), 'शी केम बॅक फ्रॉम देवास' (क्रियाविशेषण).

वॉटर नाम आहे, पण 'वॉटर द तुळस एव्हरी मॉर्निंग' असे म्हणताच ते क्रियापद होते. रेकॉर्ड नाम असताना आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर पडतो, म्हणून ही वाक्ये मोठ्याने वाचावीत. 'अ रेकॉर्ड क्राउड ॲट राजवाडा' यात तो क्राउडचे वर्णन करतो, तेव्हा त्याला विशेषणाच्या रकान्यातही जागा द्यावी.

स्टोनविषयी थोडे थांबून विचार करावा लागेल. 'अ स्टोन वॉल' यात तो भिंतीविषयी सांगतो, त्यामुळे अनेकजण त्याला विशेषण ठरवतात. मात्र 'व्हेरी टॉल वॉल' म्हणता येते तसे 'व्हेरी स्टोन वॉल' म्हणता येत नाही, म्हणून नामापुढे आलेले नाम हेच उत्तर मला अधिक योग्य वाटते. काही शब्दकोश येथे विशेषण असे लिहितात, तेव्हा ज्याने तसे लिहिले असेल आणि कारणही दिले असेल, त्याचे गुण कापले जाणार नाहीत. शिवाय 'टू स्टोन अ चेरी', म्हणजे फळातील बी काढणे, या प्रयोगात स्टोन क्रियापद आहे.

पुढील रविवारी स्टिल या शब्दाची चार जातींतील चार वाक्ये लिहून आणावीत. नामाचे वाक्य सुचले नाही, तर सिनेमातील एखाद्या स्थिरचित्राचा विचार करावा.