नव्या सभासदांना पत्र

कोथरूड, पुणे
२ जून

सप्रेम नमस्कार,

गेल्या कार्यकारिणीच्या बैठकीत आपले सभासदत्व मंजूर झाले. सोबत आपल्या नावावर चढवलेले शेअर सर्टिफिकेट पाठवत आहे. त्यावर पन्नास रुपयांचे दहा शेअर्स, म्हणजे अवघे ₹५०० दिसतील. एवढे पैसे मोजून घेतलेल्या घराच्या मानाने हा कागद किरकोळ वाटेल, पण जपून ठेवा. घर विकताना, वारसांच्या नावे करताना तो हवाच.

आपल्या सोसायटीचे कन्व्हेयन्स झालेले आहे. म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरच्या नव्हे, संस्थेच्या नावावर आहे. आणि संस्था म्हणजे आपण बत्तीस सभासद. सदनिकेत राहण्याचा, ती भाड्याने देण्याचा, विकण्याचा हक्क आपला. मात्र खांब, तुळया, बाहेरच्या भिंती, गच्ची, जिने, टाक्या यांत सगळ्यांचा वाटा आहे आणि तो तोडून वेगळा करता येत नाही. म्हणून घराचे काम काढताना भिंतीला हात लावण्याआधी अर्ज द्या. भिंत आपल्या हॉलमध्ये असली, तरी तिच्यावरचा भार कदाचित वरच्या घरांचा असेल. या एका बाबतीत मी कोणाचीही भीड ठेवत नाही.

आपल्यापैकी तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांनी विचारले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, मग खर्च का द्यायचा? उपविधींप्रमाणे तो सर्व सदनिकांना सारखाच असतो, कारण लिफ्ट सर्वांच्या मालकीची आहे. उद्या गच्ची गळून ओल सर्वांत वरच्या मजल्यावर उतरली, तर ती दुरुस्तीही त्या एकाच घराने करायची नसते. संस्था करते, आणि त्यात तुमचेही पैसे असतात. मला ही व्यवस्था न्याय्य वाटते.

बिलात सिंकिंग फंड दिसेल. तो सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का असतो. पुढे मोठी डागडुजी किंवा पुनर्बांधणी निघाली, की लागणारा हा पैसा. सर्वसाधारण सभेच्या परवानगीशिवाय आम्ही त्याला हात लावू शकत नाही.

मत मात्र सदनिकेच्या आकारावर ठरत नाही. वन बीएचके असो वा थ्री बीएचके, एका सदनिकेला एकच मत. संयुक्त नावे असतील, तर ते पहिल्या नावाच्या सभासदाचे. ते हजर नसतील तर दुसऱ्याचे. कंत्राटे, वर्गणी, दुरुस्त्या यांवर सभेत बोला, हिशेब मागा. इतिवृत्त आणि ताळेबंद पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी ऑफिसात असते, कागद दाखवीन.

वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. नोटीस आणि लेखापरीक्षण अहवाल घरपोच येईल. यंदा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा निर्णय आहे, तेव्हा अवश्य या.

आपली,
मानद सचिव