परिपत्रक क्र. ११ : १ ऑक्टोबर २०२५ पासूनचे नवे दर आणि ऑक्टोबर-डिसेंबर स्कीम

घाऊक विक्री विभाग, मार्केट यार्ड, सांगली
दिनांक : २७ सप्टेंबर २०२५ (शनिवार)

प्रति,
सांगली, मिरज, तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, जत आणि आटपाडी भागातील सर्व डीलर

सप्रेम नमस्कार,

बुधवार, १ ऑक्टोबरपासून शेती पीव्हीसी पाइपचा दर साधारण ४ टक्क्यांनी उतरतो आहे आणि सीपीव्हीसी फिटिंग महाग होत आहे. एसडब्ल्यूआर पाइप, सोल्व्हंट सिमेंट आणि टाक्या यांच्या दरात बदल नाही. १ जुलैचे परिपत्रक क्र. ७ त्या दिवशी रद्द होईल. काउंटरवर लावलेली जुनी रेट लिस्ट काढून टाकावी. दोन लिस्ट शेजारी-शेजारी राहिल्या की घोटाळा ठरलेला.

शेती पाइप (आयएसआय, ६ मीटर लांबी, प्रति नग, जीएसटी वगळून बेसिक दर)

| साइज व दाब | जुना दर (रु.) | नवा दर (रु.) |
|---|---|---|
| ६३ मिमी, ६ केजी | ३७२ | ३५७ |
| ७५ मिमी, ४ केजी | ३५० | ३३६ |
| ७५ मिमी, ६ केजी | ४९० | ४७० |
| ९० मिमी, ४ केजी | ४९५ | ४७५ |
| ९० मिमी, ६ केजी | ७०५ | ६७७ |
| ११० मिमी, ४ केजी | ७२५ | ६९६ |
| ११० मिमी, ६ केजी | १,०४५ | १,००३ |

हे नेट दर आहेत, यावर वेगळा डिस्काउंट नाही. जीएसटी १८ टक्केच लागेल. २२ सप्टेंबरच्या दरबदलात ठिबक आणि तुषार संच १२ वरून ५ टक्क्यांवर आले, त्यामुळे बरेच शेतकरी पाइपही ५ टक्क्यांत मागत आहेत. सुटा पीव्हीसी पाइप त्यात येत नाही, हे गिऱ्हाइकाला बिल करण्याआधीच सांगावे.

सीपीव्हीसी फिटिंग : छापील लिस्ट तीच आहे, डीलर डिस्काउंट ३८ वरून ३६ टक्के झाला आहे. ही वाढ २ टक्क्यांची समजू नका. लिस्टला १०० रुपयांचा नग तुम्हाला ६२ ला पडत होता, तो आता ६४ ला पडेल, म्हणजे खरी वाढ ३.२३ टक्के. विक्रीचे दर त्या हिशेबाने बदला.

हातातल्या ऑर्डरींचे काय

दर बिलाच्या तारखेने लागतो, ऑर्डरच्या तारखेने नाही. पाइपच्या पेंडिंग ऑर्डरी १ तारखेला किंवा नंतर बिल झाल्या तर आपोआप नव्या, कमी दराने जातील. ऑर्डर रद्द करून पुन्हा टाकण्याची गरज नाही. ज्यांना माल ३० तारखेच्या आतच हवा आहे त्यांना जुना दर पडेल, पण त्यांनाही खाली दिलेला दरफरक मिळेल.

सीपीव्हीसी फिटिंगच्या ऑर्डरी मंगळवार, ३० सप्टेंबर, संध्याकाळी ६ पर्यंत आमच्याकडे लेखी (व्हॉट्सअ‍ॅपही चालेल) आल्या आणि माल सोमवार, ६ ऑक्टोबरपर्यंत उचलला, तर जुना ३८ टक्के डिस्काउंट मिळेल. मात्र जुलै ते सप्टेंबरमधील तुमची सरासरी मासिक उचल जितकी, तितक्याच मालाला. त्यावरचा माल ३६ टक्क्यांनी. एकाने गोदाम भरायचे आणि बाकीच्यांना एल्बो मिळायचा नाही, हे होऊ नये म्हणून ही मर्यादा घातली आहे.

गोदामातल्या पाइपवर दरफरक

१७ ते ३० सप्टेंबर या १४ दिवसांत आमच्याकडून बिल झालेला आणि १ ऑक्टोबरला सकाळी तुमच्या गोदामात न विकता पडून असलेला पाइप दरफरकाला पात्र आहे. १७ तारखेआधीचा माल नाही. साइज, दाब, नग आणि बिल नंबर लिहून स्टॉकची यादी शनिवार, ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६ पर्यंत पाठवावी. आपल्या भागाचा सेल्समन १० तारखेपर्यंत येऊन मोजणी करेल.

समजा २२ सप्टेंबरला ११० मिमी, ६ केजीचे ८० नग घेतले आणि त्यातले ३० विकले गेले. उरलेल्या ५० नगांवर प्रत्येकी ४२ रुपये, म्हणजे २,१०० रुपयांची क्रेडिट नोट निघेल. हा फरक विक्रीच्या वेळी ठरलेला नव्हता, म्हणून नोट जीएसटीशिवाय, निव्वळ व्यापारी क्रेडिट नोट असेल. तुम्ही घेतलेले इनपुट क्रेडिट उलटवायचे नाही. १२ सप्टेंबर २०२५ च्या केंद्रीय जीएसटी परिपत्रक क्र. २५१ मध्ये हे स्पष्ट केले आहे, तुमच्या सीएंना तो क्रमांक दाखवावा.

मोजणीत हमखास चूक होते ती पाइपात पाइप घातलेल्या मालाची. ९० च्या आत ६३ आणि ११० च्या आत ७५ तसाच राहिलेला असतो आणि बाहेरून फक्त मोठी साइज मोजली जाते. आतले पाइप ओढून मग मोजा. ४ केजी आणि ६ केजी एकाच घोडीवर असतील तर रंग पाहून ठरवू नका, पाइपवरचा छाप वाचा.

कॅश डिस्काउंट (सीडी)

बिलापासून ७ दिवसांत पैसे जमा झाले तर ३ टक्के, ८ ते १५ दिवसांत २ टक्के, १६ ते ३० दिवसांत काही नाही. ३० दिवसांनंतर वार्षिक १८ टक्के व्याज. बिलाचा दिवस धरायचा नाही. ६ ऑक्टोबरच्या बिलाचा सातवा दिवस १३ ऑक्टोबर. चेक सेल्समनच्या हातात दिल्याची तारीख धरली जाणार नाही, आमच्या खात्यात पैसे आल्याची तारीख धरली जाईल. सातवा किंवा पंधरावा दिवस बँकेच्या सुट्टीचा असेल तर पुढचा कामाचा दिवस चालेल. दिवाळीत हा मुद्दा येणार, म्हणून आताच लिहितो.

आरटीजीएस, एनईएफटी किंवा यूपीआयने पैसे पाठवताना सीडी स्वतः कापून घ्यायला हरकत नाही. कापायचा तो बेसिकवर, जीएसटीसकट एकूण बिलावर नाही. सगळ्यात जास्त कटकट इथेच होते, म्हणून आकड्यांत दाखवतो. ६ ऑक्टोबरचे बिल :

११० मिमी, ६ केजी, ६० नग × १,००३ = ६०,१८०
७५ मिमी, ४ केजी, १२० नग × ३३६ = ४०,३२०
बेसिक = १,००,५००
जीएसटी १८ टक्के = १८,०९०
एकूण = १,१८,५९०
सीडी ३ टक्के, १,००,५०० वर = ३,०१५
१३ ऑक्टोबरपर्यंत भरायचे = १,१५,५७५

हाच सीडी १,१८,५९० वर कापला तर ३,५५७.७० होतो. जास्तीचे ५४२.७० रुपये बिलावर बाकी दिसतात, बिल 'अपुरे' राहते आणि ते ३० दिवसांवर गेले की त्या एवढ्याशा रकमेवर व्याज चढते. सीडीचीही नोट जीएसटीशिवाय, महिन्याअखेरीस एकच निघेल.

मागचे कोणतेही बिल ३० दिवसांवर गेलेले असेल तर आलेले पैसे आधी त्या बिलाला जमा होतील, नव्या बिलाला नाही. अशा वेळी नव्या बिलाचा सीडी कापू नये. चेक बाउन्स झाला तर ५०० रुपये खर्च लागेल आणि त्या बिलाचा सीडी जाईल.

तिमाही स्कीम : १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर २०२५

शेती पाइप आणि एसडब्ल्यूआर पाइप यांची मिळून बेसिक उचल ३ लाखांपासून ६ लाखांच्या आत असेल तर १.५ टक्के, ६ लाखांपासून १२ लाखांच्या आत २.५ टक्के, १२ लाख आणि त्यावर ३.५ टक्के. सीपीव्हीसी, टाक्या, सोल्व्हंट आणि नॉन-आयएसआय पाइप यात धरले जाणार नाहीत.

टक्का पहिल्या रुपयापासून संपूर्ण उचलीवर लागतो, फक्त वरच्या भागावर नाही. ५,९०,००० च्या उचलीला ८,८५० रुपये मिळतील आणि पूर्ण ६,००,००० ला १५,०००. दहा हजारांच्या मालासाठी सहा हजारांवर पैसे सुटू नयेत, म्हणून २० डिसेंबरला प्रत्येकाचा चालू आकडा आम्ही कळवू. त्यानंतर घाईने उचलून जानेवारीत परत पाठवलेला माल उचलीतून वजा होईल आणि स्लॅब पुन्हा मोजला जाईल.

आकडा एका जीएसटी नंबरचा धरला जाईल. भावाच्या किंवा दुसऱ्या फर्मच्या नावावरचा माल यात मिळवता येणार नाही. जे बिल ४५ दिवसांत पूर्ण भरले नाही ते उचलीतून बाद होईल. ३१ डिसेंबरच्या बिलाची मुदत त्याप्रमाणे १४ फेब्रुवारी २०२६ पर्यंत आहे, म्हणून स्कीमच्या क्रेडिट नोटा २५ फेब्रुवारीला निघतील. ही स्कीम आधी जाहीर झालेली आणि बिलांशी जोडलेली आहे, त्यामुळे तिची नोट जीएसटीसह असेल आणि तेवढे इनपुट क्रेडिट तुम्हाला उलटवावे लागेल. दरफरक आणि सीडीच्या नोटा वेगळ्या, ही वेगळी. एका फाइलीत मिसळू नका.

सीडी आणि स्लॅब दोन्ही बेसिकवर स्वतंत्र मोजले जातील. वरच्या उदाहरणात ११० मिमी, ६ केजीचा पाइप सीडी धरून ९७२.९१ ला पडतो. ६ लाखांचा स्लॅब मिळाला तर ९४७.८४ ला. विक्रीचा भाव ठरवताना ९७२.९१ धरा. न मिळालेला स्लॅब आधीच गिऱ्हाइकाला देऊन टाकला की डिसेंबरअखेरीस खिशातून भरावे लागते.

सहल, सोन्याचे नाणे वगैरे या वेळी ठेवलेले नाही. अशा वस्तुरूप लाभाची किंमत वर्षाला २०,००० च्या वर गेली की १० टक्के टीडीएस येतो आणि ती रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. त्यापेक्षा क्रेडिट नोट बरी.

भाडे, तुटफूट, सुट्ट्या

मिरज, तासगाव, पलूस आणि कवठेमहांकाळ भागात एका वेळच्या ७५,००० बेसिकच्या ऑर्डरीला भाडे आमचे. जत आणि आटपाडीला १,५०,००० ची ऑर्डर लागेल. त्याखाली प्रत्यक्ष भाडे बिलात लागेल. उतरवण्याची हमाली तुमच्याकडे.

तडा गेलेला किंवा कमी आलेला पाइप ड्रायव्हर उभा असतानाच चलनाच्या दोन्ही प्रतींवर नग आणि साइजसह लिहावा आणि २४ तासांत फोटो पाठवावा. सॉकेटकडचे टोक आधी बघा, पाइपात पाइप घातलेल्या गाडीत मार तिथेच बसतो. कोऱ्या सहीच्या चलनावर नंतर आलेली तक्रार घेता येणार नाही.

गोदाम २ ऑक्टोबर (दसरा) आणि २१ ते २३ ऑक्टोबर (लक्ष्मीपूजन ते भाऊबीज) बंद राहील. द्राक्षाच्या छाटणीमुळे ऑक्टोबरमध्ये ६३ आणि ७५ ला मागणी राहणार; दिवाळीआधी माल हवा असेल तर ऑर्डर १५ ऑक्टोबरपर्यंत द्यावी.

या परिपत्रकाची एक प्रत सही-शिक्का मारून सेल्समनकडे द्यावी. तोंडी कबूल केलेला जादा टक्का, मग तो आमच्याच माणसाने का सांगितलेला असेना, या विभागाच्या लेखी पत्राशिवाय हिशेबात धरला जाणार नाही.

कळावे,

व्यवस्थापक,
घाऊक विक्री विभाग, सांगली