बारसं कुणाच्या पद्धतीनं?

(पडद्यावर: झेंडूची माळ लावलेला पाळणा)

निवेदिका: नमस्कार! बारसं बाराव्या दिवशीच हवं का? नाही. कुणी सव्वा महिन्यानं करतात, कुणी आईची तब्येत बघून. आपल्या सोलापुरात तर एकाच वाड्यात तीन तऱ्हा. तेलुगू घरांत ‘बारसाला’ बऱ्याचदा अकराव्या किंवा एकविसाव्या दिवशी, लिंगायत घरांत जंगमांच्या हातून बाळाला लिंगधारण, मुस्लिम घरांत सातव्या दिवशी अकीका.

(पडद्यावर: वरवंटा)

मराठी घरांत आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात. मग बायका ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे देतात. आत्या कानात नाव सांगून ‘कुर्रर्र’ करते, पाठीवर धपाटे खाते. ओटीत घुगऱ्या. आत्या नसेल तर मावशी, आजी, रुसवेफुगवे कशाला?

सासर-माहेरच्या रीती वेगळ्या असतील तर दोन्हींतलं आवडेल ते घ्या. मध मात्र वर्षाच्या आत चाटवायचा नाही, आजीनं कितीही आग्रह केला तरी.

नाव ठरलं नाही? जन्मनोंदणी २१ दिवसांत उरकून घ्या, नाव नंतरही घालता येतं.