विषय: कुपवाड कोल्ड स्टोअरेज – ३१ जानेवारीची तारीख गाठता येत नाही, पूर्ण क्षमता ५ मार्च, दोन मंजुऱ्या हव्यात

दिनांक: ९ डिसेंबर २०२५

मा. व्यवस्थापकीय संचालक साहेब आणि संचालक मंडळ,

सप्रेम नमस्कार.

चारही चेंबर ३१ जानेवारीला सुरू होणार नाहीत. चेंबर १ आणि २ हे ७ फेब्रुवारीला माल घेऊ शकतील, ३ आणि ४ ला ५ मार्च उजाडेल. म्हणजे पूर्ण क्षमतेला ३३ दिवसांचा उशीर आहे.

यातले ७ दिवस कॉम्प्रेसरचं इलेक्ट्रिक पॅनेल उशिरा आल्यामुळे गेले. ते आता साइटवर आहे आणि जोडणी चालू आहे.

उरलेले २६ दिवस चेंबर ३ आणि ४ च्या फरशीचे आहेत. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात तिथला मुरमाचा भराव भिजला होता. वरचं काँक्रीट कोरडं दिसत होतं. ओलावा मोजून मगच प्लास्टिकचा थर आणि इन्सुलेशन टाकायला हवं होतं. आठ दिवस वाचतील म्हणून मी मोजणी न करता काम पुढे नेलं. २६ नोव्हेंबरला सांध्यांत पाणी दिसलं. दोन ठिकाणी उघडून पाहिलं, तर इन्सुलेशन खालून ओलं होतं. हा निर्णय माझा होता, ठेकेदाराने माझ्या सांगण्यावरूनच काम केलं.

तसंच झाकून तारीख गाठता आली असती. बेदाण्याला आपण ४ अंशांच्या आसपास तापमान ठेवणार, त्यामुळे खालचं पाणी गोठून फरशी फुगण्याची भीती नाही. पण ओलं इन्सुलेशन थंडी धरत नाही. कॉम्प्रेसर जास्त वेळ चालला असता आणि ते वीजबिल दरवर्षी भरावं लागलं असतं. एकदा थप्प्या लागल्यावर फरशी उखडता येत नाही. म्हणून २८ नोव्हेंबरपासून दोन्ही चेंबरची फरशी काढायला घेतली. खर्च १८ लाख. आकस्मिक निधीच्या ३० लाखांतले ११ लाख आधीच गेले आहेत, त्यामुळे आता हाताशी १ लाखच राहतो. ही बाब मला तारखेइतकीच गंभीर वाटते.

व्यापाऱ्यांचं बुकिंग ३,१०० टन आहे. त्यातला १,४०० टन माल फेब्रुवारीतला. दोन चेंबरमध्ये २,५०० टन बसतो, म्हणजे फेब्रुवारी निभावेल. तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागातला शेडवरचा माल मार्चमध्ये जोराने उतरतो, आणि ५ मार्च हुकली तर ६०० टनांना जागा नसेल.

५ मार्च कशाने हुकू शकते, तेही सांगतो. सर्वांत मोठी काळजी उच्चदाब वीजजोडणीची. आपला अर्ज १० नोव्हेंबरला गेला, तो महिनाभर आधी जायला हवा होता. विद्युत निरीक्षकांची तपासणी झाल्याशिवाय पुरवठा चालू होत नाही. २० जानेवारीपर्यंत जोडणी मिळाली नाही तर चाचणी जनरेटरवर घ्यावी लागेल. डिझेलला रोज साधारण ६५ हजार धरले, तर दहा दिवसांचे साडेसहा लाख होतात. ते आपल्या निधीत नाहीत.

दुसरी धास्ती अमोनियाच्या पाइपलाइनची. दाब देऊन २४ तास धरायचा, मग निर्वात करायचं, त्यानंतरच गॅस भरायचा, यात एकही पायरी गाळणार नाही. पण दाबचाचणी १२ जानेवारीला आहे आणि १४ ला संक्रांत. गळती निघाली तर वेल्डर गावी गेलेले असतील. त्यांच्यातले दोघे संक्रांतीला थांबायला तयार आहेत, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. शिवाय गळिताचा हंगाम असल्याने रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आहेत, म्हणून क्रेन आणि पॅनेलच्या गाड्या रात्रीच आणतो आहोत.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, आकस्मिक निधीत १० लाखांची वाढ, २० डिसेंबरपर्यंत. यातले साडेसहा लाख जनरेटरसाठी राखीव राहतील आणि वीज वेळेत आली तर परत करीन. दोन, मार्चचं बुकिंग असलेल्या व्यापाऱ्यांना नवी तारीख कळवण्याची परवानगी, १५ डिसेंबरपर्यंत. काही संचालकांचं मत थोडं थांबून सांगावं असं आहे, याची मला कल्पना आहे. माझी शिफारस आत्ताच सांगण्याची आहे. डिसेंबरात कळलं तर व्यापारी तात्पुरती जागा शोधू शकतो. मार्चमध्ये भरलेला ट्रक दारात उभा असताना कळलं तर तो पुढच्या वर्षी आपल्याकडे येणार नाही. पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे, आणि मोठ्या बुकिंगवाल्यांना मी स्वतः जाऊन भेटेन.

नव्या फरशीखालचा ओलावा २२ डिसेंबरला मोजणार आहे. आकडा चांगला असो वा वाईट, त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवतो. त्याआधी साइट पाहायला यायचं असेल तर १३ तारखेला यावं, तेव्हा फरशी उघडी असेल आणि काय झालंय ते डोळ्यांनी दिसेल.

आपला,
प्रकल्प व्यवस्थापक
कुपवाड साइट, सांगली