जुन्या केसपेपरांच्या अभ्यासासाठी रुग्णसंमतीतून सूट मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. सदस्य सचिव,
संस्थात्मक नैतिकता समिती

विषय : 'विषारी सर्पदंशात पहिल्या प्रतिविषापर्यंत गेलेला वेळ आणि मूत्रपिंडाची इजा' या पूर्वलक्षी अभ्यासासाठी माहितीपूर्ण संमतीतून सूट आणि जलद पुनरावलोकन मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

१ जानेवारी २०१९ ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात सर्पदंशानंतर आपल्या रुग्णालयात दाखल होऊन प्रतिविष घेतलेल्या १८ वर्षांवरील रुग्णांचे इनडोअर केसपेपर तपासण्याची परवानगी मागत आहोत. वॉर्डाच्या मासिक आकडेवारीनुसार असे ६१२ रुग्ण आहेत. ही संख्या फक्त आकडेवारीवरून काढली आहे. समितीच्या मंजुरीपूर्वी एकही फाइल उघडलेली नाही.

दंशापासून प्रतिविषाची पहिली कुपी लागेपर्यंत किती तास गेले आणि त्यानंतर सात दिवसांत मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली का, एवढाच प्रश्न आहे. इजा केडिगो निकषांवर ठरवू : ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिग्रॅ/डेसिली किंवा अधिक वाढणे, अथवा सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट होणे. मूळ पातळी बहुतेकांची माहीत नसते, म्हणून दाखल असतानाचे सर्वांत कमी मूल्य मूळ धरू. यामुळे उशिरा आलेल्यांमधली इजा कमी मोजली जाईल. ही मर्यादा प्रोटोकॉलमध्ये लिहिली आहे. मुलांना प्रतिविषाचा डोस मोठ्यांइतकाच असला तरी क्रिएटिनिनची सामान्य पातळी वयानुसार बदलते, म्हणून १८ वर्षांखालील रुग्ण वगळले आहेत.

संमती का घेता येत नाही

उपचाराच्या वेळी नातेवाइकांनी सही केलेला संमतीपत्राचा कागद फायलीत असतो. ती उपचाराची संमती आहे, संशोधनाची नाही. तिच्या आधारावर ही सूट मागत नाही.

रुग्ण किंवा कुटुंबाला आता गाठणे व्यवहार्य नाही. दंशाचा रुग्ण शेजारी, मुकादम किंवा रिक्षावाला उचलून आणतो आणि केसपेपरावर बऱ्याचदा त्याचाच मोबाईल नंबर पडतो. पावसाळ्यात व भातकापणीला आलेले मजूर, आंबा-काजूच्या बागांतले नेपाळी राखणदार हंगाम संपला की निघून जातात. मात्र 'माणसे सापडत नाहीत' एवढेच कारण असते तर हा अर्ज कमकुवत ठरला असता. मोठे कारण शास्त्रीय आहे. ज्यांचा मृत्यू झाला किंवा ज्यांना डायलिसिस लागले, तेच सर्वांत कमी सापडतील. जवळच्या गावातले, लवकर आलेले, बरे होऊन गेलेले रुग्ण होकार देतील. मग उशिराचा धोका प्रत्यक्षाहून कमी दिसेल आणि निष्कर्ष चुकीच्या बाजूला झुकेल.

शिवाय संमती मागायची तर आधी फायलीतून नाव, पत्ता, नंबर काढावे लागतील. प्रस्तावित पद्धतीत ही माहिती उतरवायचीच नाही, म्हणजे संमतीच्या प्रयत्नाने खासगीपणाला धोका वाढेल. पाच वर्षांपूर्वी घरातले माणूस गेलेल्या कुटुंबाला अनोळखी फोन करून मृत्यूची आठवण काढणे हेही त्रासदायकच.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत सूट मिळाल्याशिवाय अभ्यास व्यवहार्य नसणे, सूट शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय असणे, तसेच रुग्णांची ओळख काढलेली असणे किंवा त्यांच्याशी संपर्क शक्य नसणे अशा परिस्थितीत सूट देण्याची तरतूद आहे. आमची मागणी त्या चौकटीत बसते असे आम्हाला वाटते.

धोका आणि त्यावरचा उपाय

रुग्णाच्या शरीरावर काही करायचे नाही, नमुना घ्यायचा नाही, फोनही करायचा नाही. खरा धोका एकच, ओळख पटण्याचा. लहान गावात अमुक दिवशी साप चावून माणूस गेला हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे नाव काढून टाकले म्हणजे काम झाले असे नाही. म्हणून गाव, तालुका, जात, व्यवसाय आणि एमएलसी क्रमांक नोंदवणार नाही. तारखेऐवजी फक्त महिना. दंश, दाखल आणि प्रतिविष यांच्या वेळांऐवजी त्यांमधले तास. वय दहा वर्षांच्या गटात, ८० वरचे सगळे एकत्र. रुग्णालयापासूनचे अंतर तीन टप्प्यांत : २० किमीपर्यंत, २१ ते ५०, त्याहून जास्त. तक्त्यातली एक ओळ अशी दिसेल :

स-०४७ । ४०–४९ । पुरुष । ऑक्टोबर । २१–५० किमी । पाय । ५ तास । २० मिनिटांची गोठण चाचणी : न गोठलेले । पहिला डोस १० कुप्या, एकूण २० । क्रिएटिनिन ०.९, १.६, २.८ । डायलिसिस नाही । घरी सोडले

अहवालात पाचपेक्षा कमी रुग्ण असलेला कोणताही गट वेगळा दाखवणार नाही.

'स-०४७' हा कोणता इनडोअर क्रमांक, याची यादी रेकॉर्ड रूममध्ये कुलपात, रेकॉर्ड अधिकाऱ्याकडे राहील. यादी आहे तोवर ही माहिती सांकेतिक आहे, निनावी नव्हे, आणि अर्जात तसाच उल्लेख केला आहे. शंका मिटवण्याचे काम संपले की, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, ती यादी नष्ट करून तसे समितीला लेखी कळवू. सांकेतिक तक्ता विभागातील पासवर्ड असलेल्या एकाच संगणकावर तीन वर्षे राहील.

फायली रेकॉर्ड रूमबाहेर जाणार नाहीत. मोबाईलने फोटो, पेन ड्राइव्ह, व्हॉट्सअॅपवरून पानांची देवाणघेवाण यांना बंदी असेल. यांतल्या बऱ्याच रुग्णांवर आम्हीच उपचार केले आहेत, त्यामुळे आम्ही फाइल वाचली तर चेहरा आठवणारच. म्हणून माहिती उतरवण्याचे काम २०२४ मध्ये रुजू झालेले दोन निवासी डॉक्टर करतील. दोघांकडूनही गोपनीयतेच्या हमीपत्रावर सही घेतली आहे. दर दहा फायलींमागे एक दुसऱ्याकडून पुन्हा तपासली जाईल.

दंशाची वेळ कित्येकदा नुसती 'संध्याकाळी' लिहिलेली असते, क्रिएटिनिनचा एखादा दिवस सुटलेला असतो. तिथे 'नोंद नाही' असेच लिहू; फोन करून पोकळी भरणार नाही.

वाचताना काही गंभीर दिसले, उदाहरणार्थ घरी सोडतानाही क्रिएटिनिन चढलेले आणि पुढची तारीख दिलेली नाही, तर आम्ही परस्पर संपर्क करणार नाही. रेकॉर्ड अधिकाऱ्यामार्फत विभागप्रमुखांना कळवू. पाठपुरावा झाला तर तो उपचाराचा भाग म्हणून विभाग करील. नंतर कोणाला बोलावून तपासायचे ठरले, तर ही सूट त्याला लागू राहणार नाही. त्यासाठी संमतीपत्रासह नवा अर्ज देऊ.

मागणी

वरील मर्यादेत ६१२ केसपेपरांसाठी संमतीतून सूट आणि जलद पुनरावलोकन द्यावे, ही विनंती. मृतांच्या फायलींबाबत समितीला वेगळी अट घालायची असल्यास ती मान्य राहील. फक्त त्या फायली वगळू नयेत, कारण त्या वगळल्या तर अभ्यासात अर्थ उरत नाही. काम मंजुरीपासून नऊ महिन्यांत पूर्ण करू. बाहेरचा निधी नाही, कोणत्याही औषध कंपनीशी संबंध नाही.

आपला विश्वासू,
मुख्य संशोधक,
सहयोगी प्राध्यापक, मेडिसिन विभाग

सोबत : प्रोटोकॉल (आवृत्ती २), माहिती नोंदणीचा तक्ता, रेकॉर्ड अधिकाऱ्याचे संमतीपत्र, विभागप्रमुखांचे पत्र, दोन्ही निवासी डॉक्टरांची हमीपत्रे.